चावीचं चिन्ह दिसलं म्हणजे फोन सुरक्षित झाला का?

आमच्या खोलीत सहा जण आहोत आणि सहापैकी पाच जणांच्या फोनवर फुकटचा व्हीपीएन आहे. विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं. घरी व्हॉट्सअपवर कॉल लागावा म्हणून टाकलाय, आणि वर "शिवाय बाहेरच्या वायफायवर सेफ पण राहतं ना." यातली पहिली गोष्ट समजू शकतो. यूएईत व्हॉट्सअपचा कॉल लागत नाही आणि आईचा आवाज ऐकायचा असतो. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र मला भांडायचं आहे, कारण याच समजुतीपायी आमच्या खोलीतल्या सांगोल्याच्या पोराचे, म्हणजे खरं तर त्याच्या दाजींचे, पंधरा हजार रुपये गेले.

झालं ते असं. रविवारची सुट्टी, दुपारची वेळ. मेट्रो स्टेशनच्या बाहेरच्या कॅफेटेरियात करक चहा घेऊन हा बसला. डेटा संपलेला. वायफायची यादी उघडली तर एकसारख्या नावाची दोन नेटवर्क, एकाच्या पुढे Free लिहिलेलं. ज्याचे दांडे जास्त होते ते त्याने निवडलं. लगेच एक पान उघडलं, मोबाईल नंबर टाका म्हणून. टाकला. सहा आकड्यांचा कोड आला, तोही टाकला. पान गोल गोल फिरत राहिलं. नेट काही चालू झालं नाही. "इथलं वायफाय बेकार आहे" म्हणत तो उठला. दहा-पंधरा मिनिटांत व्हॉट्सअप उघडलं तर हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही असा मेसेज. तोवर गावाकडे त्याच्या नावाने मेसेज पोचले होते: "दाजी, इथे पोलीस केसमध्ये अडकलोय, फोन करू नका, पंधरा हजार या नंबरवर टाका." दाजींनी टाकले. परदेशातला मेहुणा अडचणीत आहे म्हटल्यावर कोण थांबणार?

संध्याकाळी तो मला सारखं एकच सांगत होता, "पण दादा, माझा व्हीपीएन चालू होता. वरती चावी दिसत होती."

दिसत असेल. तरी त्या क्षणी व्हीपीएन त्याच्या काहीच कामाचा नव्हता, आणि याचं कारण एकदा नीट समजून घेतलं की स्टेशन आणि कॅफेतल्या वायफायचं निम्मं गणित सुटतं.

सार्वजनिक वायफायला जोडल्यावर तुम्हाला लगेच इंटरनेट मिळत नाही. आधी दारावरचं पान येतं. नंबर टाका, अटी मान्य करा, मग आत सोडतो, असं ते दार. तुम्ही ते पान पार करेपर्यंत वायफायवाला बाकी सगळं अडवून धरतो. आता व्हीपीएन म्हणजे काय, तर तुमच्या फोनपासून दूर कुठेतरी असलेल्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंतचा बंद बोगदा. पण दारच बंद आहे तर बोगदा पोचणार कुठे? व्हीपीएन त्या वेळी नुसता "connecting" म्हणत उभा असतो. दारावरचं पान नेहमी बोगद्याच्या बाहेर उघडतं. म्हणजे ज्या घडीला तुम्ही अनोळखी माणसाच्या पानावर स्वतःचा नंबर टाइप करता, नेमकी त्याच घडीला तुमचा व्हीपीएन नसतो. आणि समजा असता, तरी काय? बोगदा रस्त्यातल्या चोरापासून वाचवतो. आपण आपल्या हाताने चोराच्या फॉर्ममध्ये कोड भरला तर तो कोड बोगद्यातूनही त्याच्याकडेच पोचणार.

त्या कॅफेटेरियात नक्की काय झालं तेही सांगतो, कारण ही चाल साधी आहे. खोटं वायफाय लावणाऱ्याने पोराचा नंबर मिळताच स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअपमध्ये तोच नंबर टाकला. व्हॉट्सअपने नेहमीप्रमाणे कोड खऱ्या मालकाच्या सिमवर पाठवला. पोराला वाटलं हा वायफायचा कोड. मेसेजमध्ये व्हॉट्सअपचं नाव होतं, हा कोड कुणाला देऊ नका असंही होतं, पण त्याने मेसेज उघडलाच नाही. हल्ली फोन कोड आपणहून कीबोर्डच्या वर दाखवतो, बोट लावलं की भरला जातो. ही सोय मला मुळीच आवडत नाही.

कुणी म्हणेल, मग कोड मागणारं वायफाय दिसलं की पळून जायचं. तसंही नाही. खरी वायफायसुद्धा कोड मागतात. सुट्टीवर गावी जाताना सीएसएमटीला किंवा पुणे स्टेशनावर RailWire ला जोडून बघा, तेही मोबाईल नंबर घेतं आणि ओटीपी पाठवतं. त्यामुळे कोड मागितला ही खूण नाही. आलेला कोड कशाचा आहे ही खूण आहे. मेसेज पूर्ण उघडून वाचायचा. त्यात वायफाय देणाऱ्याचं नाव असेल तर ठीक. व्हॉट्सअप, बँक, गुगल, UAE PASS, असलं काही नाव असेल तर पान तिथेच बंद. आणि जे पान जीमेल किंवा फेसबुकचा पासवर्ड मागतं, एमिरेट्स आयडीचा फोटो मागतं, "फक्त पडताळणीसाठी" म्हणून कार्ड नंबर मागतं, किंवा नेट चालू करायला एखादं अॅप उतरवून घ्या म्हणतं, त्याच्याशी वाद घालत बसू नका. फुकट वायफायला यातलं काहीही लागत नाही.

हे फक्त आपल्यासारख्यांच्या नशिबी येतं असं समजू नका. ऑस्ट्रेलियात 2024 साली पोलिसांनी एका माणसावर गुन्हा दाखल केला. पर्थ, मेलबर्न आणि अॅडलेडच्या विमानतळांवर आणि विमानातसुद्धा तो छोटं यंत्र घेऊन फिरायचा आणि खऱ्यासारख्या नावाचं वायफाय लावायचा. जोडलं की पान उघडे, ईमेल किंवा सोशल मीडियाच्या खात्याने लॉगिन करा म्हणून. शिकलेले, सूटबूट घातलेले लोक तिथे पासवर्ड भरून गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंड-स्कॉटलंडच्या 19 मोठ्या रेल्वे स्टेशनांवर वेगळाच प्रकार झाला. वायफाय खरं, नाव खरं, पण दारावरचं पान कुणीतरी आतूनच बदललं आणि प्रवाशांना द्वेषाचा मजकूर दिसू लागला. तिथे कुणाची माहिती चोरीला गेल्याचं सांगितलं गेलं नाही. पण खऱ्या दारावरचं पानही बदलता येतं, हे त्यातून दिसलं.

वायफायचं नाव काहीच सिद्ध करत नाही. तुम्ही आत्ता तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटला कोणत्याही स्टेशनाचं नाव देऊ शकता, दोन मिनिटांचं काम. पासवर्ड असलेलं वायफाय म्हणजे पक्कं, हेही खोटं. कॅफेच्या भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड चोरालाही वाचता येतो. म्हणून काउंटरवरच्या माणसाला नाव विचारायचं, लाजायचं नाही. आणि काम झालं की ते नेटवर्क फोनमधून Forget करायचं, निदान Auto-connect तरी बंद ठेवायचं. नाही तर फोन खिशात असतानाच त्याच नावाच्या कुठल्याही नेटवर्कला जाऊन चिकटतो.

आता दुसरी बाजू. "बाहेरच्या वायफायवर बँकेचं काम कधीच करू नका" हा सल्ला तुम्ही शंभरदा ऐकला असेल. माझ्या मते तो जुना झालाय. पूर्वी बऱ्याच वेबसाइट उघड्या पोस्टकार्डासारख्या होत्या, वाटेतला कुणीही वाचू शकायचा. आता बँका, पैसे पाठवायची अॅप, व्हॉट्सअप, जीमेल हे सगळं बंद पाकिटातून जातं. पत्त्यात सुरुवातीला https असतं ते हेच. वायफायवाल्याला पाकिटावरचा पत्ता दिसतो, म्हणजे तुम्ही कोणत्या बँकेच्या साइटवर गेलात हे कळतं, पण आतला पासवर्ड, रक्कम, मेसेज दिसत नाही. हे काम व्हीपीएनशिवाय होतं, फुकट होतं आणि तुमच्या फोनमध्ये आधीपासून आहे. गावी पैसे पाठवताना मी तरीही मोबाईल डेटा वापरतो, पण ते सवयीने. कंपनीचं खरं अॅप असेल तर स्टेशनच्या वायफायवर माझी झोप उडत नाही.

मात्र पाकिटाचं सील तुटलेलं दिसलं तर थांबायलाच हवं. ब्राउझरमध्ये "Your connection is not private" असं पान आलं तर Advanced दाबून पुढे जायचं नाही. कधी कधी याचं कारण साधं असतं, तुम्ही अजून दारावरचं पान पार केलेलं नसतं किंवा फोनची तारीख चुकलेली असते. तारीख बघा, आणि ब्राउझरमध्ये http://neverssl.com टाका. ही साइट मुद्दाम उघडी ठेवलेली आहे, त्यामुळे अडकलेलं दारावरचं पान समोर येतं. ते पार करूनही तीच सूचना येत असेल तर वायफाय बंद. अॅपमध्ये अशी सूचना बहुधा येत नाही, ते नुसतं कनेक्ट होत नाही. अशा वेळी दुसऱ्या कुणी पाठवलेलं "चालणारं" अॅप घेऊ नका. क्रोममध्ये Settings > Privacy and security मध्ये Always use secure connections नावाचं बटण आहे, ते एकदा चालू केलं की उघडी साइट आली तर क्रोम आधी विचारतो. अर्थात https म्हणजे साइट प्रामाणिक असं नव्हे. चोरालाही बंद पाकीट फुकट मिळतं. पाकीट कुणाला लिहिलंय, तो पत्ता आपणच वाचायचा.

मग व्हीपीएन लागतो कुठे? लागतो, पण थोड्या जागी. वायफायवाल्याला पाकिटावरचा पत्ताही दिसू नये असं वाटत असेल तिथे. याचं आपल्या कामाचं उदाहरण स्टेशनावरचं नाही, कॅम्पमधलं आहे. कंपनीच्या वायफायवर बसून तुम्ही कामगार मंत्रालयाच्या तक्रारीच्या पानावर गेलात, तर तिथे काय लिहिलं हे कंपनीला वाचता येत नाही, पण त्या साइटवर या फोनवरून कुणीतरी गेलं हे नोंदवून ठेवता येतं. चांगला व्हीपीएन ही नोंद लपवतो. पण तेच काम पाच-दहा मिनिटांचा मोबाईल डेटाही करतो, कायद्याची कटकट न लावता. पगार थकल्याची तक्रार करायची असेल तर माझं सांगणं एवढंच, कॅम्पचं वायफाय बंद करा आणि सिमच्या डेटावर करा. स्वतःचा रिचार्ज नसेल तर खोलीतल्या भरवशाच्या माणसाचा हॉटस्पॉट घ्या.

कायद्याची कटकट म्हणालो ती अशी. यूएईत व्हीपीएन असणं हाच गुन्हा नाही. कंपन्या, बँका आपल्या कामासाठी तो वापरतात. पण 2021 च्या सायबर गुन्ह्यांच्या कायद्यात, जो जानेवारी 2022 पासून लागू आहे, दहावं कलम आहे. गुन्हा करायला किंवा तो लपवायला खोटा किंवा दुसऱ्याचा इंटरनेट पत्ता वापरला तर कैद, किंवा पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. बंद केलेली कॉलिंग सेवा व्हीपीएनने उघडणं यात बसतं का, यावर लोक वाद घालतात. घालू देत. ज्याचा व्हिसा कंपनीच्या हातात आहे त्याने तो वाद स्वतःच्या अंगावर का घ्यावा? Botim, Zoom, Google Meet यांना इथे परवानगी आहे. गावाकडच्यांना त्यातलं एक टाकायला लावा. एकदा वैताग होतो, वहिनी दोन दिवस कुरकुरते, मग सवय होते. हे सगळं यूएईचं आहे. सौदी, कतार, ओमानचे नियम वेगळे आहेत, तिथल्यांनी हे जसंच्या तसं घेऊ नये.

आणि फुकटचा व्हीपीएन? त्यावर तर मी जास्त कडक आहे. सर्व्हर, वीज, नेट, याचा खर्च कुणीतरी भरतोच. व्हीपीएन लावला म्हणजे तुम्ही वायफायवाल्यावरचा विश्वास काढून व्हीपीएन कंपनीवर टाकला, एवढंच होतं. कॅफेटेरियावाला निदान समोर दिसतो. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अँड्रॉइडची 283 व्हीपीएन अॅप तपासली. 38 टक्क्यांमध्ये व्हायरससारख्या गोष्टींच्या खुणा सापडल्या आणि 18 टक्के अॅप तर बोगदा बंदच करत नव्हती, सगळं उघडंच जात होतं. अभ्यास जुना आहे, पण धंद्याची रीत बदललेली मला दिसत नाही. 2015 मध्ये Hola नावाच्या फुकट सेवेबद्दल बाहेर आलं की ती फुकट वापरणाऱ्यांचं कनेक्शन दुसऱ्या गिऱ्हाइकांना विकते. म्हणजे कुठल्या तरी परक्या माणसाचं काम तुमच्या फोनच्या पत्त्यावरून जगात जातं. त्याने काही भानगड केली तर पत्ता तुमचा. वरचं दहावं कलम आठवा आणि विचार करा.

मराठी यूट्यूबवर "गल्फमध्ये सेफ राहायचंय? हे अॅप टाका" म्हणणारे आपलेच भाऊ आहेत, त्यांना लिंकमागे पैसे मिळतात. त्यांनी पैसे कमवावेत, पण व्हीपीएनला मंतरलेला ताईत करून विकू नये. आणि दुसरा राग त्या कंपन्यांवर, ज्यांच्या कॅम्पात तीनशे माणसांमागे एक राउटर असतो आणि रात्री आठनंतर तोही आडवा होतो. कामगाराने सावध राहावं, हे सांगायला सगळे तयार असतात. पण तो रविवारी स्टेशनाबाहेर दांडे शोधत का बसतो, हे कुणी विचारत नाही. राहण्याची जागा देणं ही कंपनीची जबाबदारी आहे, तसं चालणारं नेटही त्यात धरलं पाहिजे. खोलीतल्या तक्रारींच्या यादीत पाणी, एसी, ढेकूण यांच्याबरोबर हेही लिहा. आम्ही लिहिलंय.

पोराचं पुढे काय झालं? त्याने व्हॉट्सअपमध्ये पुन्हा स्वतःचा नंबर टाकला, नवा कोड त्याच्याच सिमवर आला, तो भरताच चोर बाहेर पडला. पण चोराने मधल्या वेळात सहा आकडी पिन लावून ठेवला होता, त्यामुळे आत जायला याला सात दिवस थांबावं लागलं. तुमचं खातं शाबूत असतानाच Settings > Account > Two-step verification मध्ये जाऊन तुमचा पिन लावून ठेवा. मग कोड चुकून दिला गेला तरी चोर पिनपाशी अडतो. तो पिन मात्र कुठल्याही पानावर भरायचा नाही. आमच्या खोलीत त्याच रात्री सहाही जणांनी लावला.

पैशांचं जमलं नाही. दाजींनी भारतातल्या 1930 या नंबरवर तिसऱ्या दिवशी फोन केला, तोवर रक्कम पुढच्या खात्यातून निघून गेली होती. पहिल्या तासाभरात केला असता तर ती अडकवायची काहीतरी आशा होती. हा नंबर गावाकडच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आत्ताच घालून द्या, कारण पैसे तिकडच्या खात्यातून जातात आणि फोनही तिकडूनच लागतो. पोराने व्हीपीएन काढून टाकला. नुसतं अॅप काढून तो थांबला नाही, सेटिंगमधल्या VPN च्या पानावर जाऊन तिथली नोंदही पुसली. आता तो रविवारी Botim वरून बोलतो. दाजींनी मात्र त्याला बजावलंय, यापुढे पैशाचं काही असेल तर आधी त्याने व्हिडिओ लावायचा, तोंड दाखवायचं आणि आजोबांच्या बैलाचं नाव सांगायचं.